जोडीच्या फोटोतून एकट्याचा फोटो काढताना या चुका टाळा

आमच्या दर्यापूरकडच्या गावांत म्हातारी माणसं एकट्यानं फोटो काढत नाहीत. पोराच्या लग्नात मांडवात दोघं शेजारी उभी राहिली, तेवढाच एक फोटो. मग कधीतरी तेरवी दोन दिवसांवर येते आणि नातू तो फोटो घेऊन दुकानात येतो. "आबाजींचा एकट्याचा करून द्या जी, आजी काढून टाका." सोपं काम वाटतं, कारण मधून कापलं की झालं. पण तसा कापलेला फोटो भिंतीवर लागला की पाहुणे हमखास विचारतात, "काहून जी, यायचा खांदा कुठी गेला?"

खरी अडचण कापण्यात नाही. जोडीच्या फोटोत माणूस एकटा उभाच नसतो. तो बाजूच्या माणसाकडे कललेला असतो, त्याचा खांदा तिच्या पदराआड गेलेला असतो, तिची सावली मागच्या पडद्यावर पडलेली असते. बाई फोटोतून गेली तरी हे सगळं मागे राहतं.

पहिली चूक : काचेवरून मोबाईलनं फोटो काढणं

भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाईलनं फोटो घेतला की काचेत खिडकी दिसते, आणि तोच व्हॉट्सॲपवर पाठवला की आणखी बारीक होतो. मूळ फोटो फ्रेममधून काढा आणि स्कॅनरवर 600 डीपीआयला स्कॅन करा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहरा काचेवरच राहतो. अशा वेळी दारात सावलीत, तिरप्या उजेडात मोबाईल फोटोला समांतर धरून टिपा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता याच आबाजींचं उदाहरण घेऊ. फोटो 4 बाय 6 इंचाचा, आडवा. 600 डीपीआयला तो 3600 बाय 2400 पिक्सेल झाला. त्यातून आबाजींचा छातीपर्यंतचा भाग घेतला तर हाती आले सुमारे 1300 बाय 1600 पिक्सेल. 8 बाय 10 इंचाच्या प्रिंटला हे इंचामागे 160 च्या आसपास पडतात. चार-पाच फुटांवरून बघायच्या फोटोला तेवढं चालतं. नातवाला 12 बाय 15 हवा होता. तिथं इंचामागे शंभरच्या थोडं वर उरतात आणि डोळे पुसल्यासारखे दिसतात. स्कॅन 1200 ला केला म्हणून फरक पडत नाही, जुन्या कागदात तेवढा तपशीलच नसतो. आम्ही फोटो 8 बाय 10 चाच ठेवला, भोवती माउंटचा कागद लावला आणि फ्रेम मोठी घेतली. घरच्यांना मोठा फोटो मिळाला आणि चेहराही शाबूत राहिला.

दुसरी चूक : आधी कापणं, मग सरळ करणं

आपल्याकडे बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला उभी राहते, म्हणजे बघणाऱ्याला ती उजवीकडे दिसते. आबाजींची मान तिकडेच झुकलेली होती. दोघं असताना ते छान दिसतं, पण एकटे उरल्यावर तेच आबाजी कुणाच्या तरी कानात बोलताना पकडल्यासारखे दिसतात.

म्हणून कापायच्या आधी पूर्ण फोटो फिरवायचा. इथं डावीकडे, घड्याळाच्या उलट, चार अंश पुरले. मान पार सरळ करू नका, थोडा कल राहू द्या, नाहीतर आधार कार्डावरचा फोटो होतो. फक्त डोकं कापून फिरवायचा मोह टाळा, गळ्याजवळ जोड दिसतोच. आधी कापून मग फिरवलं तर कोपरे रिकामे पडतात आणि ते भरण्यासाठी चौकट आणखी आवळावी लागते. फिरवल्यावर मागचा मांडवाचा खांब तिरपा झाला, पण पार्श्वभूमी बदलायचीच होती, त्यामुळे तो अडला नाही.

तिसरी चूक : खांदा आरशासारखा उलटवणं

आबाजींचा डावा खांदा आजीच्या पदराआड होता. सगळे काय करतात, तर फोटोशॉपमध्ये उजवी बाजू उचलून Edit > Transform > Flip Horizontal करतात आणि डावीकडे चिकटवतात. पहिल्या वेळी मीही अर्धी छाती उलटवून मोकळा झालो. फोटो आजीपुढे ठेवला. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "यायच्या खिशातला पेन कुठी गेला बाप्पा?" सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर असतो. उजवी बाजू उलटवून लावली की खिसा, पेन आणि बटणपट्टी तिन्ही जातात.

म्हणून उलटवायचा तो फक्त खांद्याचा बाहेरचा गोलवा आणि बाही. कॉलरच्या टोकापासून बाहेरचा तुकडा घ्या, कॉलर जुळवून बसवा आणि त्याची आतली कड खिशाच्या अलीकडे मऊ ब्रशनं विरवा. दोन्ही बाह्यांवर चुणी हुबेहूब सारखी दिसली की लबाडी उघडी पडते, म्हणून उलटवलेल्या बाजूची एखादी चुणी क्लोन स्टॅम्पनं मोडा. फोटो फ्लॅशचा असेल तर उजेड जुळतो. उन्हात काढलेला असेल तर उलटवलेला खांदा चुकीच्या बाजूनं उजळलेला दिसतो, तो थोडा काळपट करावा लागतो.

चेहरा मात्र कधीही उलटवू नका. तीळ, भांग, बाईची चमकी या बाजू घरच्यांना पाठ असतात.

आजीचा हात आबाजींच्या खांद्यावर असता तर? तोच उलटा तुकडा वरून बसवायचा. बोटं नुसती पुसत बसलात तर कापडावर चार बोटांचा डाग उरतो.

चौथी चूक : लाल गाल आणि उरलेली सावली

हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आजीचं लुगडं लालभडक होतं. फ्लॅशचा उजेड त्यावर आपटून आबाजींच्या डाव्या गालावर आणि जबड्याखाली आला होता. दोघं असताना डोळा ते खपवून घेतो, एकट्याच्या फोटोत मात्र गाल सुजल्यासारखा वाटतो. वर नवीन लेयर घ्या, मोड Color ठेवा, दुसऱ्या गालाचा रंग उचला आणि 20-30 टक्के ओपॅसिटीच्या मऊ ब्रशनं हळूहळू फिरवा. या मोडमध्ये फक्त रंग बदलतो, सुरकुत्या तशाच राहतात.

मागच्या पडद्यावर आजीची सावली होती. क्लोन करत गेलो तर पडद्याची फुलं एकासारखी एक उमटू लागली. शेवटी पडदाच काढला. पण ढग आणि सोनेरी किरणांचा स्वर्ग लावला नाही, गिऱ्हाईक मागतं तरी मी आधी एकदा समजावतो. पडद्यातलाच करडा-निळा रंग घेतला, डोक्यामागे थोडा उजळ, कडेला गडद. पांढऱ्या टोपीभोवती जुन्या पडद्याची बारीक किनार राहिली होती, तिथं निवड एक-दोन पिक्सेल आत घेतली. नव्या पार्श्वभूमीवर थोडा नॉइज टाकला, नाहीतर जुना दाणेदार चेहरा गुळगुळीत भिंतीवर चिकटवलेला दिसतो.

शेवटी चौकट

कोपरावर किंवा मनगटावर कापू नका, हात तुटल्यासारखा वाटतो. दंडाच्या मधून कापलेलं चालतं. आबाजी कॅमेऱ्याकडे बघत होते, म्हणून ते मधोमध ठेवले. नजर बाजूला असती तर त्या बाजूला जास्त जागा सोडली असती. डोळे वरून साधारण तिसऱ्या हिश्शावर घेतले आणि टोपीच्या वर नेहमीपेक्षा बोटभर जास्त जागा सोडली, कारण हार फ्रेमच्या वरच्या कडेवरून खाली येतो आणि जागा कमी असली की टोपी फुलांत बुडते.

मूळ जोडीचा फोटो नातवाला पाकिटात घालून परत दिला, स्कॅनही वेगळा ठेवला. तेरवीच्या आदल्या संध्याकाळी आजी स्वतः फ्रेम न्यायला आली. तिनं आधी खिसा पाहिला, मग चेहरा.