ऑनलाइन परीक्षेचं ॲप टेस्ट करताना नेट नेमकं कुठं तोडायचं

टेस्टिंगच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न बऱ्याचदा येतो, की समजा ऑनलाइन परीक्षेचं ॲप आहे, टायमर आहे, उत्तरं आपोआप सेव्ह होतात, नेट गेलं तर परत तिथूनच सुरू होतं, तर काय काय तपासशील. नवीन पोरंपोरी पटापट सांगतात, टायमर शून्यावर आला की पेपर सबमिट झाला पाहिजे, नेट गेलं तर मेसेज आला पाहिजे, परत आलं की उत्तरं दिसली पाहिजेत. चूक काहीच नाही, पण समोरच्याला कळतं की यांनी असलं ॲप हातात घेऊन कधी तोडलेलं नाही. मी सोलापुरातून हे काम करतो, जुळे सोलापुरात घरी बसून, आणि असल्या एका ॲपवर काम केलंय, कंपनीचं नाव राहू दे. त्यातलं जे खरंच उपयोगी पडलं ते लिहितोय.

आधी एक सवय लावून घ्या. टेस्ट करताना शेजारी वही ठेवायची आणि कुठल्या वेळी कुठल्या प्रश्नाला काय दाबलं ते सेकंदासकट लिहायचं. कारण या ॲपमधे उत्तर तीन ठिकाणी असतं, स्क्रीनवर, ब्राउझरच्या आतल्या साठ्यात (बहुतेक वेळा `localStorage` किंवा `IndexedDB`) आणि सर्व्हरच्या डेटाबेसमधे. निकाल लागतो तो डेटाबेसवरून, आणि पोरगं बघतं ते स्क्रीनकडं. हे दोन वेगळे झाले तर स्क्रीन बघून तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून डेटाबेस बघायची परवानगी पहिल्याच दिवशी मागून घ्या, नाही मिळाली तर निदान सबमिट झाल्यावरची उत्तरपत्रिका तरी वहीशी ताडून बघा.

आता नेट तोडणं. क्रोमच्या `DevTools` मधे Network टॅबवर Offline निवडता येतं, तिथून सुरुवात करा पण तिथंच थांबू नका. तिथं ब्राउझरला लगेच कळतं की आपण ऑफलाइन आहोत. आपल्याकडं खरं काय होतं? लाईट गेली, राउटर इन्व्हर्टरवर चालूच आहे, पण केबलवाल्याचा पुढचा डबा बंद पडलाय. वायफायच्या कांड्या फुल्ल, नेट शून्य. अशा वेळी `navigator.onLine` ही खूण `true` च राहते, कारण ती एवढंच सांगते की मशीन कुठल्यातरी नेटवर्कला जोडलेलं आहे, पुढं इंटरनेट आहे की नाही त्याचं तिला काही पडलेलं नसतं. ज्या ॲपनं फक्त हिच्यावर भरवसा ठेवलाय ते खुशाल हिरवी टिक दाखवत बसतं. तपासायला सोपं आहे, राउटर बंद करू नका, राउटरला बाहेरून येणारी वायर तेवढी काढा. मग एक उत्तर बदला आणि टिक कधी येते बघा. सर्व्हरचं उत्तर यायच्या आधी टिक आली की तिथंच बग लिहा, पुढं बघायची पण गरज नाही.

आता ज्या बगसाठी हे सगळं लिहायला घेतलं तो. यात नेट पूर्ण जात नाही, फक्त अडखळतं. पेपर 10 ते 11. मुलीनं 10:20:00 ला 14 व्या प्रश्नाला बी दाबलं, रिक्वेस्ट निघाली आणि अडकली. 10:20:08 ला तिनं विचार बदलला, सी दाबलं, तेवढ्यात नेट सुधारलं होतं म्हणून ही दुसरी रिक्वेस्ट लगेच पोचली, सी सेव्ह झालं. पण ॲपनं पहिल्या रिक्वेस्टसाठी 30 सेकंद वाट बघायची असं ठरवलेलं, ती वेळ 10:20:30 ला संपली, ॲप म्हणालं हे गेलं नाही वाटतं, परत पाठवू. आणि बी परत पाठवलं. सर्व्हरचा नियम काय, जे शेवटी आलं ते खरं. झालं, डेटाबेसमधे बी, स्क्रीनवर सी, वर हिरवी टिक. तिला निकालापर्यंत पत्ता नाही, आणि निकालानंतर तिनं कितीही सांगितलं की मी सी दाबलं होतं तरी कोण ऐकणार.

हे नशिबाची वाट बघत सापडत नाही, मुद्दाम घडवावं लागतं. फिडलर किंवा चार्ल्ससारखा प्रॉक्सी ब्राउझर आणि सर्व्हरच्या मधे बसवायचा, उत्तर सेव्ह करणाऱ्या रिक्वेस्टवर ब्रेकपॉइंट लावायचा म्हणजे ती तिथंच धरून ठेवता येते. बी दाबा, धरा. सी दाबा, तीपण धरा. मग आधी सी सोडा, नंतर बी सोडा, आणि डेटाबेस बघा. 14 ला सी दिसलं तर ॲप शहाणं आहे. (ॲप पहिलीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी पाठवतच नसेल तर दोन्ही एकदम धरता येणार नाहीत, मग पहिली वेळ संपेपर्यंत धरून ठेवा आणि त्यानंतर काय काय निघतं ते बघा.)

यावर उपाय असा, की प्रत्येक उत्तराला चढता नंबर द्यायचा आणि सर्व्हरनं त्या प्रश्नासाठी आधीच्यापेक्षा मोठा नंबर असेल तरच घ्यायचं.

```
{"attempt": 812, "q": 14, "ans": "B", "seq": 31}
{"attempt": 812, "q": 14, "ans": "C", "seq": 32}
```

31 उशिरा आला तरी 32 आधीच बसलेला आहे, म्हणून 31 सोडून द्यायचा. कोणी म्हणेल नंबर कशाला, मोबाईलची वेळच वापरू, तर नको, मोबाईलचं घड्याळ मागंपुढं असू शकतं आणि पेपर चालू असताना बदलताही येतं.

डेव्हलपरनं हा फिक्स दिला की नवीन टेस्टर सी दिसला म्हणून बग बंद करून टाकतो. थांबा की ओ जरा. मुलीचा कॉम्प्युटर बंद पडला, सुपरवायझरनं दुसऱ्या मशीनवर बसवलं, लॉगिन केलं, जुनी उत्तरं छान दिसली. पण नवीन मशीनवरचा नंबर परत 1 पासून सुरू झाला असेल तर? तिनं 14 चं उत्तर बदलून डी केलं, ते गेलं `seq` 1 घेऊन, सर्व्हर म्हणतो माझ्याकडं 32 आहे, हे जुनं दिसतंय, आणि गपचूप टाकून देतो. म्हणजे जो नियम उत्तर वाचवायला आणला तोच आता खरं उत्तर खातो. बरोबर ॲप परत सुरू होताना सर्व्हरकडून शेवटचा नंबर मागून घेतं आणि 33 पासून पुढं जातं. म्हणून रिकव्हरीची टेस्ट जुनी उत्तरं दिसली एवढ्यावर संपवायची नाही. परत आल्यावर एक जुनं उत्तर बदलायचं, एक नवीन द्यायचं, आणि मग डेटाबेस बघायचा.

त्याच मशीनवर दुसऱ्या बॅचचं पोरगं बसवून पण बघा. ब्राउझरच्या साठ्यात उत्तरं ठेवताना नावात परीक्षार्थीच्या प्रयत्नाचा नंबर घातला नसेल तर सकाळच्या पोराची उत्तरं दुपारच्या पोराला दिसतात. फार वेळ लागत नाही बघायला.

आता टायमर. आळशी टायमर दर सेकंदाला एक वजा करतो, आणि समोर बसून बघितलं तर तो अगदी बरोबर चालतो, म्हणून फसायला होतं. दुसऱ्या टॅबवर जा आणि दहा मिनिटं तिकडंच रहा (चहा पिऊन या). क्रोम लपलेल्या टॅबचे टायमर सेकंदाला एकदाच चालवतं, आणि टॅब 5 मिनिटं लपून राहिला की 88 व्या व्हर्जनपासून बहुतेक वेळा मिनिटाला एकदाच. हिशोब करा, पहिल्या 5 मिनिटांत 300 वजा झाले, पुढच्या 5 मिनिटांत जेमतेम 5. म्हणजे 600 सेकंद गेले आणि टायमरच्या लेखी 305, पोराला जवळजवळ 5 मिनिटं जास्त दिसतायत. मग तो निवांत सोडवत बसतो आणि सर्व्हर मधेच पेपर बंद करतो. लॅपटॉपचं झाकण बंद करून उघडलं तर याहून वाईट, तेवढा वेळ टायमर थांबलेलाच असतो.

बरोबर पद्धत म्हणजे पेपर 11:00:00 ला संपणार हे सर्व्हर ठरवतो, किती वेळ उरला हे पण तोच सांगतो, आणि स्क्रीन अधूनमधून त्याच्याशी जुळवून घेते. ते जुळतं का बघायला पेपर चालू असताना मशीनचं घड्याळ 15 मिनिटं मागं करा. स्क्रीनवरचा वेळ वाढला तर बग आहेच, पण 11 नंतर त्या वाढलेल्या वेळेत दिलेलं उत्तर सर्व्हरनं घेतलं तर तो फार मोठा बग.

यानंतर एक असा प्रसंग येतो की त्याचं उत्तर टेस्टरकडं नसतंच. 10:58 ला नेट गेलं, मुलीनं शेवटचे दोन प्रश्न ऑफलाइन सोडवले, 11 ला आपोआप सबमिट व्हायला पाहिजे होतं ते गेलं नाही, 11:03 ला नेट आलं आणि ॲपनं साठवलेली उत्तरं पाठवली. घ्यायची का नाही? घेतली तर कोणीही शेवटच्या मिनिटाला वायर काढून आरामात सोडवेल, कारण ऑफलाइन असताना मशीन जी वेळ सांगतं त्यावर सर्व्हरनं विश्वास ठेवायला काही आधार नाही. नाही घेतली तर प्रामाणिक पोरीचे दोन प्रश्न गेले. आमच्याकडं असं ठरलं की 11 नंतर थोडे सेकंद फक्त वाटेत असलेल्या उत्तरांसाठी, त्यानंतर आलेलं वेगळं ठेवायचं आणि केंद्रावरच्या नोंदी बघून माणसानं ठरवायचं. दुसरीकडं वेगळं ठरेल. तुमचं काम एवढंच की टेस्ट केस लिहायच्या आधी हा प्रश्न विचारायचा, लेखी उत्तर घ्यायचं, आणि तोवर पास-फेल काही लिहायचं नाही.

बग रिपोर्टमधे "नेट गेल्यावर उत्तर सेव्ह होत नाही" असं लिहू नका, त्याच्यावर डेव्हलपर "माझ्याकडं होतंय की" म्हणून परत पाठवणार. असं लिहा: प्रश्न 14, 10:20:00 बी, 10:20:08 सी, बी ची रिक्वेस्ट प्रॉक्सीत धरून सी नंतर सोडली, स्क्रीनवर सी, डेटाबेसमधे बी, सबमिटनंतर उत्तरपत्रिकेत बी. सोबत Network टॅबमधून सेव्ह केलेली HAR फाइल जोडा, पण आधी त्यातलं लॉगिनचं टोकन काढून टाका.