जर्मन प्राध्यापकांना मेल करताना ठेवलेला तक्ता: कोणाला, कधी, आणि आता कोणाकडे

तिसऱ्या वर्षाला असताना जर्मनीत उन्हाळी इंटर्नशिप करायची म्हणून डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या, 'वाइज' शिष्यवृत्तीसाठी धडपडणारी मुलं दरवर्षी आमच्या कॉलेजात असतात. या शिष्यवृत्तीची गंमत अशी की अर्ज करायच्या आधीच तिथल्या एखाद्या प्राध्यापकाचं निमंत्रणपत्र हातात असावं लागतं. मुदत साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर हा सगळा काळ अनोळखी माणसांना मेल पाठवण्यात जातो. मेल कसा लिहायचा यावर सांगणारे पुष्कळ आहेत. पाठवल्यानंतरचा हिशेब कसा ठेवायचा, हे मात्र ज्याचं त्यानं शोधायचं असतं. मी त्यातून गेलो आणि नंतर ज्युनियर मुलांचे तक्तेही पाहिले. त्यावरून जे समजलं ते इथे लिहितोय.

बहुतेकांचा तक्ता म्हणजे पाठवलेल्या मेलांची यादी असते: नाव, विद्यापीठ, तारीख, आणि शेवटी 'रिप्लाय आला / नाही'. ही यादी पाहून आज सकाळी काय करायचं ते कळत नाही. तीस ओळींपुढे 'नाही' लिहिलेलं असतं, आणि त्यातल्या कोणाला आठवण करायची, कोणाला अजून वेळ द्यायचा, कोणाचा नाद सोडायचा हे डोक्यातच राहतं. म्हणून माझ्या मते दोनच रकाने खरे कामाचे आहेत: 'कोणाकडे' आणि 'पुढची तारीख'. 'कोणाकडे'मध्ये तीनच शब्द चालतील: माझ्याकडे, त्यांच्याकडे, बंद. प्राध्यापकांनी मार्कशीट मागितली असेल तर काम माझ्याकडे. मी पाठवली की त्यांच्याकडे. पुढच्या तारखेचा रकाना 'बंद' सोडून कोणत्याही ओळीत रिकामा ठेवायचा नाही. काम त्यांच्याकडे असेल तर ती आठवण करायची तारीख, माझ्याकडे असेल तर मी स्वतःला घातलेली मुदत.

माझे रकाने या क्रमानं होते: A व्यक्ती, B गट, C ईमेल, D पहिला मेल, E शेवटचा संपर्क, F कोणाकडे, G पुढची तारीख, H काय झालं. गुगल शीट्समध्ये ज्या ओळीची तारीख आली ती रंगावी म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र घातलं:

```
=AND($G2<>"",$G2<=TODAY())
```

तारखा मात्र `2024-09-12` अशाच टाका. शीटचं लोकेल अमेरिकेचं राहिलं असेल तर 12/9 ला ती डिसेंबरमधली तारीख समजते, आणि 13/9 तर तारीख म्हणून ओळखतच नाही, नुसता मजकूर धरते. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. डावीकडे राहिलेली तारीख कधीच रंगणार नाही आणि ती ओळ तुमच्या नजरेतून निसटेल.

आता B रकान्याविषयी, कारण एकाच ठिकाणी दोनदा दार ठोठावण्याचे घोळ इथे होतात. ईमेल पत्ता वेगळा आहे म्हणजे माणूस वेगळा, असं आपण धरून चालतो. जर्मनीत तसं नसतं. माक्स प्लांक संस्थेतले संचालक बऱ्याचदा जवळच्या विद्यापीठात मानद प्राध्यापक असतात. फ्राउनहोफर संस्थेचे प्रमुख सहसा विद्यापीठातल्या एखाद्या विभागाचेही प्रमुख असतात. त्यामुळे एकाच व्यक्तीची दोन संकेतस्थळांवर दोन पानं आणि दोन पत्ते मिळतात. दुसरा प्रकार त्याहून सर्रास चालतो. तिथे एका प्राध्यापकाच्या हाताखाली 'लेअरश्टूल' नावाचा अख्खा विभाग असतो, आणि त्यात पोस्टडॉक किंवा उपगटप्रमुख आपापल्या विषयाची पानं चालवतात. आपण प्रमुखांनाही लिहितो आणि उपगटप्रमुखांनाही, दोघांना 'मला खास तुमच्याच कामात रस आहे' असं सांगतो, आणि ते दोघं रोज एका टेबलावर जेवतात.

म्हणून तक्त्याचं एकक व्यक्ती किंवा पत्ता न धरता गट धरा. गटाला एक ठरावीक छोटं नाव द्या, शहर आणि प्रमुखाचं आडनाव पुरे, आणि नवी ओळ लिहिताना तेच टाका. मग हे सूत्र दुसऱ्या रंगात लावा:

```
=AND($B2<>"",COUNTIF($B:$B,$B2)>1)
```

हे सूत्र स्पेलिंग बघतं, माणसं ओळखत नाही. 'ü' एका ठिकाणी तसाच आणि दुसरीकडे 'ue' लिहिलात तर त्याला दोन वेगळे गट दिसतील. म्हणून नवा मेल लिहिण्याआधी जीमेलमध्ये `in:sent to:tu-dresden.de` असं त्या विद्यापीठाचं डोमेन टाकून शोधायची सवय मी ठेवली. तिथे आधीचं कोणी सापडलं, तर दोघांची पानं उघडून ते एकाच विभागात तर नाहीत ना ते बघायचं. विभाग वेगळे असतील तर दोघांना लिहिण्यात गैर काही नाही. तरीही एकाचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबवावा, असं माझं मत. दोघांनीही 'हो' म्हटलं तर एकाच इमारतीत एकाला नाही म्हणायची वेळ येते.

वर्गमित्रांचाही एक मुद्दा आहे. एका वसतिगृहातले चौघं एकच नमुना थोडा फिरवून एकाच प्राध्यापकाला लिहितात, तेव्हा समोरच्याला ते लगेच दिसतं. आम्ही फक्त गट आणि पहिल्या मेलची तारीख एवढे दोन रकाने सगळ्यांत वाटून घेतले होते. बाकीचा तक्ता ज्याचा त्याच्याकडे.

आठवण किती दिवसांनी करायची? मी साधारण दहा कामाचे दिवस धरतो, म्हणजे दोन आठवडे. शीटमध्ये `=WORKDAY(E2,10)` ही तारीख काढून देतं. पण G मध्ये हे सूत्र कायमचं ठेवू नका. नुसता अंदाज घ्या आणि तारीख हातानं टाका, कारण खरी तारीख समोरच्या माणसाच्या वेळापत्रकावर ठरते. धातुशास्त्राच्या एका ज्युनियर मुलीची 2024 मधली ओळ उदाहरण म्हणून घेऊ.

तिनं सोमवारी, 19 ऑगस्टला मेल पाठवला. सूत्रानं पुढची तारीख दिली 2 सप्टेंबर. पण मिनिटाभरात `Automatische Antwort` अशा विषयाचं उत्तर आलं. हे आपोआप जाणारं उत्तर असतं, आणि पुष्कळ मुलं ते जर्मनमध्ये आहे म्हणून न वाचताच सोडून देतात. त्यात लिहिलं होतं की प्राध्यापक 6 सप्टेंबरपर्यंत रजेवर आहेत. ऑगस्टमध्ये जर्मनीत हे नेहमीचंच. म्हणजे 2 तारखेची आठवण रजेतच जाऊन पडली असती. 6 ला शुक्रवार, म्हणजे ते सोमवारी 9 ला हजर होणार, आणि त्या दिवशी तीन आठवड्यांचे मेल साचलेले असणार. तिनं पुढची तारीख 12 सप्टेंबर, गुरुवार टाकली. त्या दिवशी जुन्याच मेलला उत्तर देऊन तीन ओळींची आठवण केली, म्हणजे पहिला मेल खाली दिसत राहिला.

16 ला उत्तर आलं, पण वेगळ्याच पत्त्यावरून. प्राध्यापकांनी मेल आपल्या पोस्टडॉककडे पाठवला होता, आणि पोस्टडॉकनं मार्कशीट व येण्याच्या तारखा मागितल्या होत्या. अशा वेळी नवी ओळ घालायची नाही. तीच ओळ चालू ठेवून C मध्ये नवा पत्ता लिहायचा आणि H मध्ये 'आता पोस्टडॉकशी, प्रा. सीसीमध्ये' अशी नोंद करायची. नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा प्राध्यापकांनाच 'माझा मेल पाहिलात का' असं जातं, आणि पोस्टडॉकला वाटतं की आपल्याला डावलून वर तक्रार केली.

'कोणाकडे'मध्ये आता 'माझ्याकडे' आलं. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, कॉलेजचं ऑफिस बंद, सहीशिक्क्याची मार्कशीट मिळायला वेळ लागणार. तिनं त्याच संध्याकाळी 'कागद 19 पर्यंत पाठवते' असं कळवलं, G मध्ये 19 टाकली आणि त्या दिवशी पाठवले. तिथून दहा कामाचे दिवस मोजले तर 3 ऑक्टोबर येतो. तो जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. गुरुवारची सुट्टी आली की शुक्रवारही जोडून घेणारे बरेच असतात, म्हणून तिनं 7 ऑक्टोबर, सोमवार केला. त्या आठवड्यात आठवण गेली, झूमवर बोलणं ठरलं आणि मुदतीच्या आत पत्र हातात आलं.

या सगळ्यात एक मोह टाळा: जीमेलमध्ये आठवणीचा मेल आधीच शेड्यूल करून ठेवू नका. पहिला मेल शेड्यूल करायला हरकत नाही. आपले साडेबारा वाजतात तेव्हा तिथे उन्हाळी वेळेनुसार सकाळचे नऊ असतात, ती वेळ चांगली. पण मधल्या काळात उत्तर आलं तरी शेड्यूल केलेली आठवण थांबत नाही. काल 'हो' म्हणालेल्या माणसाला आज 'आपलं उत्तर आलं नाही' असं पोहोचतं. आठवण नेहमी हातानं पाठवा, आणि त्याआधी स्पॅम फोल्डर पाहा.

अजिबात उत्तर न देणाऱ्याला मी एकच आठवण करतो. त्यानंतर दहा कामाचे दिवस गेले की 'बंद'. दुसरी आठवण फक्त त्यांना, ज्यांनी एकदा तरी स्वतः उत्तर दिलंय आणि मग गप्प झालेत. 'ऑक्टोबरमध्ये पुन्हा लिही' असं म्हणणारे तिसऱ्या प्रकारात येतात. त्यांची ओळ बंद करायची नाही, G मध्ये 7 किंवा 8 ऑक्टोबर टाकायचा, आणि लिहिताना 'आपण ऑक्टोबरमध्ये लिहायला सांगितलं होतं' इथूनच सुरुवात करायची.

नवे मेल आठवड्याला चार-पाचच पाठवा. सोमवारी पन्नास सोडले आणि सहा जणांनी मिडसेमच्या आठवड्यात झूमसाठी वेळ मागितली, तर प्रत्येकाचे शोधनिबंध वाचायला वेळ उरत नाही. 'माझ्याकडे' लिहिलेल्या ओळी तीनच्या वर गेल्या की मी नवे मेल थांबवायचो.

पत्र मिळालं की त्याच दिवशी तक्त्याकडे परत या. ज्यांनी कधीच उत्तर दिलं नाही त्यांच्या ओळी नुसत्या 'बंद' करा, त्यांना काही कळवायची गरज नाही. पण ज्यांच्याशी बोलणं चालू आहे, ज्यांनी कागद मागितलेत किंवा 'विद्यार्थ्यांची जागा बघून सांगतो' असं म्हटलंय, त्या प्रत्येकाला दोन ओळी लिहा: दुसरीकडे निमंत्रण स्वीकारलं आहे, आपण वेळ दिलात त्याबद्दल आभार. हे मेल गेले की मगच त्या ओळींची पुढची तारीख पुसा.