जादा पगार परत मागितलाय? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

ऑक्टोबर 2025 मध्ये दादरची माझी शेजारीण कंपनीचं पत्र घेऊन आली. 2024-25 मध्ये तिला दरमहा 1,20,000 ऐवजी 1,30,000 रुपये पगार दिला गेला होता. वर्षाचे जादा 1,20,000 रुपये सात दिवसांत परत करा, असं पत्रात होतं. "काका, माझ्या खात्यात एवढे आलेच नाहीत," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. नव्या करप्रणालीत ती 20 टक्क्यांच्या टप्प्यात होती. सेस धरून त्या जादा रकमेवर 24,960 रुपये टीडीएस गेला होता. हातात आले होते 95,040. (पीएफमध्ये फरक नव्हता, म्हणून हिशेब सोपा.)

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घाबरून पूर्ण रक्कम भरायची आणि विषय संपला समजायचं. तो टीडीएस तुमच्या पॅनवर सरकारजमा आहे. तो परत मिळेल, पण कागदावरचा पगार कमी झाला तरच. नाहीतर 24,960 रुपये तुमच्या खिशातून गेले. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीकडून मेलवर लेखी घ्या: मागच्या वर्षाच्या चौथ्या तिमाहीचं 24Q, म्हणजे कंपनी भरते ते पगारावरच्या टीडीएसचं विवरणपत्र, दुरुस्त करू, वार्षिक पगार 15,60,000 वरून 14,40,000 करू, कापलेला टीडीएस तसाच ठेवू आणि सुधारित फॉर्म 16 देऊ. कंपनी फक्त 95,040 मागत असेल, तर टीडीएसचा रिफंड कोणाचा हेही त्याच मेलमध्ये ठरवा. तो येणार तुमच्याच खात्यात.

दुसरी चूक पेरोलवाले करतात. ते ही रक्कम यंदाच्या करपात्र पगारातून वजा करतात. मी स्वतः पेरोल सांभाळतो, हा मोह मला कळतो, कारण काम एका नोंदीत संपतं. पण उत्पन्न मागच्या वर्षी जास्त दाखवलं गेलंय, तर दुरुस्तीही तिथेच हवी. काहीजण कलम 89 ची सवलत आणि तिच्यासाठीचा फॉर्म 10E सुचवतात. ती थकबाकी किंवा आगाऊ मिळालेल्या पगारासाठी आहे, परत केलेल्या पगारासाठी नाही.

तिसरी चूक घाईची. सुधारित फॉर्म 16 हाती आला की लगेच सुधारित रिटर्न भरू नका. आधी आयकर खात्याच्या AIS या वार्षिक माहिती पत्रकात पगार कमी झालाय का आणि 26AS या करजमेच्या उताऱ्यात टीडीएस पूर्वीइतकाच आहे का, ते पाहा. टीडीएसही घटलेला दिसला, तर कंपनीने तो परत घेतलाय. मग रिफंड नाही, आणि तुम्ही पूर्ण रक्कम भरली असेल तर तेवढे पैसे कंपनीकडेच मागावे लागतील.

शेजारणीच्या AIS मध्ये 14,40,000 दिसायला नोव्हेंबरअखेर उजाडली. त्या वर्षाच्या सुधारित रिटर्नची मुदत 31 डिसेंबर 2025 होती. ती हुकली असती तर कलम 119(2)(b) खाली विलंबमाफीचा अर्ज करावा लागला असता. तिने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कलम 139(5) निवडून, जुन्या रिटर्नचा पावती क्रमांक टाकून सुधारित रिटर्न भरलं. ई-व्हेरिफिकेशनला 30 दिवस असतात. तिने ते त्याच रात्री आधार ओटीपीने उरकलं.