मंद प्रकाशातील बैठकव्यवस्थेचा फलक आणि टेबल क्रमांक : या चुका टाळा

स्वागतसमारंभाच्या बैठकव्यवस्थेचा फलक बहुतेक वेळा मोबाइलवर पाहून पसंत केला जातो आणि तिथेच पहिली चूक होते. मोबाइलचा पडदा स्वतः उजळलेला असतो, तर कागद केवळ अंगावर पडलेला प्रकाशच परत देतो. त्यामुळे पडद्यावर खुलून दिसणारी मोतिया रंगावरची सोनेरी अक्षरे सभागृहातील पिवळसर, मंद दिव्यांत पार्श्वभूमीत विरून जातात.

दुसरी चूक मजकुराच्या हिशेबात असते. २४० पाहुणे आणि प्रत्येकी दहा जणांची २४ टेबले असा समारंभ आहे, असे धरू. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या एकाच फलकावर सगळी नावे चार रकान्यांत बसवायची, तर शीर्षकाची जागा वगळून ७५ सेंटिमीटर उंचीत साठ ओळी येतात, म्हणजे एका ओळीला साडेबारा मिलिमीटर मिळतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार असल्याने त्यातले जेमतेम पाच मिलिमीटर मूळ अक्षराच्या वाट्याला येतात. फलक रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा, की दहा फुटांवरून सहज वाचता येण्यासाठी अक्षर एक इंच उंच हवे. त्या मानाने पाच मिलिमीटरचे अक्षर दोन फुटांवरून वाचावे लागते. पाहुणे अगदी जवळ जातात, त्यांची सावली फलकावर पडते आणि मागच्यांना काहीच दिसत नाही.

यावरचा उपाय अक्षर मोठे करण्याआधी नावे कमी करणे हा आहे. २४० पाहुण्यांची कुटुंबे साधारण ८६ निघाली, तर प्रत्येक कुटुंबाची एकच ओळ ठेवावी : आधी आडनाव, मग कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसांची संख्या आणि शेवटी टेबल क्रमांक. त्यांची दोन फलकांत विभागणी केली, की प्रत्येकी दोन रकाने आणि रकान्यात २२ ओळी होतात. ओळीला ३४ मिलिमीटर मिळून अक्षर तेरा-चौदा मिलिमीटरपर्यंत वाढते आणि पाच फुटांवरून वाचता येते. टेबलानुसार यादी लावणे यजमानांना सोयीचे वाटते. परंतु पाहुण्याला टेबल ठाऊक नसते, स्वतःचे आडनाव ठाऊक असते. क्षीरसागर मात्र कोणी ‘क’मध्ये शोधतो, कोणी अगदी शेवटी, म्हणून ते आडनाव दोन्हीकडे लिहिण्यात कमीपणा नाही.

फॉन्टच्या पॉइंट आकड्यावर विसंबू नये. एकाच आकड्याला दोन देवनागरी फॉन्टांची अक्षरे लहानमोठी निघतात, म्हणून छापील नमुन्यावर ‘क’ची उंची पट्टीने मोजावी. शिरोरेषा आणि उभे दंड ठसठशीत हवेत; सुलेखनी फॉन्टांतील केसासारख्या रेषा अंधारात आधी नाहीशा होतात आणि मग ‘घ’ व ‘ध’ यांतला फरक कळत नाही. वळणदार फॉन्टमध्ये ‘१’ आणि ‘९’ यांचीही अशीच गफलत होते.

रंगांमध्ये लाल सर्वांत फसवा आहे. मंद प्रकाशात डोळ्यांना लाल रंग काळपट दिसतो, त्यामुळे मरून कागदावरचे लाल अक्षर दिसतच नाही; उलट मंचावरच्या लाल दिव्याचा झोत पडला, तर पांढरा कागदही लाल होतो आणि त्यावरचे लाल अक्षर पुसल्यासारखे वाटते. फिक्या, बिनचकाकीच्या कागदावर काळे किंवा गडद निळे अक्षर दोन्ही परिस्थितींत टिकते. लॅमिनेशन मॅटच घ्यावे. चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर झुंबराचे प्रतिबिंब पडते. वाचणारा मान वाकडी करून एखादे पाऊल बाजूला सरकताना दिसला, तर दोष अक्षराचा नसून चकाकीचा आहे असे समजावे. फलकाला स्वतंत्र दिवा द्यावा आणि तो वरून, तिरका असावा, म्हणजे वाचणाऱ्याची सावली मजकुरावर पडणार नाही.

टेबलावरच्या कार्डांचे अंतर वेगळे असते. पाहुणा ते सात-आठ मीटरवरून शोधत येतो. त्याच ठोकताळ्याने आकडा किमान ६५ मिलिमीटर हवा आणि अंधार लक्षात घेता ९० ते १०० मिलिमीटर ठेवणे शहाणपणाचे. ए-फाइव्ह आकाराच्या उभ्या कार्डावर तो आरामात बसतो, फक्त सभोवतालची वेलबुट्टी सोडून द्यावी लागते. कार्ड फुलांच्या वर दिसेल अशा दांडीवर लावावे आणि आकडा दोन्ही बाजूंना छापावा. मागे मेणबत्ती असेल, तर पातळ कागदातून पलीकडचा आकडा उलटा उमटतो, म्हणून किमान ३०० जीएसएमचा कागद घ्यावा.

छपाईला देण्यापूर्वी फलकाचा एक तुकडा खऱ्या मापात ए-फोर कागदावर काढावा, रात्री खोलीत एकच मंद दिवा ठेवून तो पाच फुटांवर टांगावा आणि घरातल्या साठीच्या व्यक्तीला त्यातले एखादे आडनाव शोधायला सांगावे. ती पुढे सरकली, तर अक्षर लहान आहे किंवा रेषा बारीक आहे. अक्षराचे माप बरोबर असेल, तर आधी फॉन्ट बदलून पाहावा.