डावी की उजवी? समन्वयाचा खेळ सोडवताना या चुका टाळा

समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचा खेळ गेम थिअरीत सगळ्यांत सोपा समजला जातो. दोघांनी डावी बाजू धरली तर ठीक, दोघांनी उजवी धरली तरी ठीक, एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी धरली की टक्कर. तरीही उत्तरपत्रिका तपासताना याच प्रश्नात सर्वाधिक गुण कापले जातात.

दोन समतोल लिहून थांबणे

आकडे घेऊन बघू. दोघे डावीकडे असतील तर प्रत्येकाला २ गुण, दोघे उजवीकडे असतील तर ३, आणि टक्कर झाली तर दोघांना उणे १०. ‘सगळे डावे’ आणि ‘सगळे उजवे’ हे दोन समतोल लगेच दिसतात, आणि बहुतेक जण तिथेच पेन खाली ठेवतात. तिसरा राहून जातो.

समोरची गाडी उजवीकडे असण्याची शक्यता p माना. मग मला मिळणारे सरासरी गुण असे:

```
उजवी: 3p - 10(1-p) = 13p - 10
डावी: 2(1-p) - 10p = 2 - 12p
```

दोन्ही सारखे ठेवले की 25p = 12, म्हणजे p = 0.48. लोक ४८ टक्के वेळा उजवीकडे आणि ५२ टक्के वेळा डावीकडे जात असतील, तर कुणालाच बाजू बदलण्यात फायदा नाही. म्हणून हाही समतोलच. पण त्यात प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी उणे ३.७६ येतात, आणि तो टिकतही नाही. उजवीकडचे ४९ टक्के झाले की उजवीकडे जाणेच शहाणपणाचे ठरते आणि लोंढा तिकडे वळतो. ४७ टक्के झाले की तो डावीकडे वळतो.

त्या ४८ टक्क्यांचा उलटा अर्थ लावणे

आता उजवीचा फायदा ३ वरून ५ करा. पुन्हा गणित केले की p सुमारे 0.44 येतो. इथे विद्यार्थी गोंधळतात: उजवी जास्त चांगली झाली, मग उजवीकडे जाणारे कमी कसे झाले? चूक गणितात नाही, वाचण्यात आहे. हा आकडा किती लोक उजवीकडे जातील हे सांगत नाही. तो उंबरठा आहे: किती जण तिकडे गेले की बाकीचेही जातील. फायदा वाढला म्हणून उंबरठा खाली आला.

टक्कर उणे १०० ची केली तर (उजवीचे ३ गुण कायम ठेवून) उंबरठा जवळजवळ ५० टक्क्यांवर येऊन बसतो. म्हणजे चूक जितकी महाग, तितका ‘कोणती बाजू चांगली’ या प्रश्नाला कमी भाव. सगळा भार ‘बाकीचे काय करतील’ यावर पडतो.

चांगला पर्याय आपोआप जिंकेल असे मानणे

स्वीडनमध्ये हे घडलेले आहे. तिथे गाड्या डावीकडून धावत, पण शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून. त्यात बहुतेक स्वीडिश गाड्यांचे स्टिअरिंगही डाव्या हाताला, म्हणजे उजव्या बाजूच्या रहदारीला सोयीचे. तरी १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी बदल नाकारला. त्याला नुसता हट्ट म्हणणे मला पटत नाही. दिशादर्शक फलक, चौक, बसचे दरवाजे, सगळे बदलावे लागणार होते, आणि सवय मोडण्याची भीती वेगळीच.

संसदेने १९६३ मध्ये बदल ठरवला आणि रविवार, ३ सप्टेंबर १९६७ ची पहाट निवडली. रात्री एकपासून अनावश्यक वाहतूक बंद. रस्त्यावर असलेल्या गाड्यांनी ४:५० ला थांबायचे, जपून उजवीकडे सरकायचे, पुन्हा थांबायचे आणि पाचला निघायचे. वरच्या गणिताशेजारी हे ठेवून पाहा. आपल्या मनातला p आणि समोरच्याच्या मनातला p एकाच क्षणी शून्यावरून एकावर न्यायचा होता. मधल्या आकड्यांवर कुणी गाडी चालवूच नये, यासाठी ती दहा मिनिटे. ‘आधी ट्रक, मग बस, मग मोटारी’ असा टप्प्याटप्प्याचा उपाय कुणी सुचवला, तर तो नेमका सगळ्यांत वाईट समतोलातून रस्ता काढतोय हे ओळखा.

नियम कोणाचा, एवढेच बघणे

‘सरकार ठरवेल ते’ हे उत्तरही अर्धेच. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली, पण त्याच्याच ताब्यातला गोवा डावीकडेच राहिला. गोव्याच्या गाडीवाल्याला समोर लिस्बनची नव्हे, बेळगावकडून येणारी गाडी भेटायची. म्हणून गुणांचा तक्ता मांडण्याआधी समोरून कोण येणार आहे, ते लिहून घ्या.