पणजीची नोंद माहेरच्या नावावर सापडली

पणजी १९३६ ला सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजमधून बीए. प्रोजेक्टला तिची नावनोंदणी हवी होती. आम्ही सांगलीचे म्हणून कोल्हापूरलाच अर्ज टाकणार होतो, सर म्हणाले अरे शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, तेव्हा कॉलेज मुंबईला जोडलेलं. मग मुंबईच्या कुलसचिवांना पत्र, उत्तर आलं 'नोंद नाही', कारण मी शहाण्याने सासरचं नाव लिहिलेलं! माळ्यावरच्या ट्रंकेत पदवी निघाली, त्यावर माहेरचं नाव. दुसऱ्या पत्रात तेच इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं लिहिलं, पदवीची झेरॉक्स जोडली, आणि रजिस्टर १९३६ चं नाही तर १९३२ चं बघा म्हटलं, मॅट्रिकनंतर बीएला चार वर्षं लागायची ना. महिन्याभरात त्या पानाची कॉपी आली.