वृत्तचिती वितळवून छोट्या गोळ्या केल्या तर किती होतील, ते कसं काढायचं

धातूची भरीव वृत्तचिती वितळवली आणि त्याच्या एकसारख्या गोळ्या ओतल्या, तर किती गोळ्या होतील? हे गणित दिसायला मोठं असतं पण आत फक्त एकच गोष्ट आहे, वितळवण्याआधी जेवढा धातू होता तेवढाच नंतर आहे. तापवल्यावर धातू थोडा फुगतो हे खरं, पण थंड झाला की परत मूळ घनतेवर येतो, आणि वजन तर बदललेलंच नसतं, म्हणून घनफळ तेच. बदलतो तो फक्त आकार.

सरळ उदाहरणच घेऊ. वृत्तचितीचा व्यास १२ सेमी, उंची १५ सेमी. गोळीचा व्यास ३० मिमी.

सगळ्यात आधी सूत्र नाही लिहायचं, आधी मापं साफ करून घ्यायची. ३० मिमी म्हणजे ३ सेमी, आणि दोन्हीकडे व्यास दिलाय पण सूत्रात त्रिज्या लागते, म्हणून वृत्तचितीची त्रिज्या r = ६, उंची h = १५, गोळीची त्रिज्या R = १.५. दोन वेगळ्या त्रिज्या आहेत तर अक्षरंही वेगळी ठेवा, दोन्हीकडे r लिहिलं की पुढच्या ओळीत कोण कोणाला कापतंय तेच कळत नाही.

आता समीकरण. गोळ्यांची संख्या n धरली तर

πr²h = n × (४/३)πR³

दोन्हीकडे π आहे, तो इथेच उडवा. २२/७ टाकून मोठमोठे गुणाकार करत बसायची काही गरज नाही (आणि एकीकडे २२/७ आणि दुसरीकडे ३.१४ टाकलं तर उत्तर उगाच अपूर्णांकात जातं). π गेल्यावर उरतं ते एवढंच:

६ × ६ × १५ = n × (४/३) × १.५ × १.५ × १.५
५४० = n × ४.५
n = १२०

१२० गोळ्या, झालं.

आता गडबड कुठे होते ते बघा, कारण इथेच जास्त मार्क जातात. समजा घाईत दोन्हीकडे त्रिज्येच्या जागी व्यासच टाकला. वृत्तचितीत त्रिज्येचा वर्ग आहे म्हणून ती बाजू ४ पट होते, २१६०. गोळीत घन आहे म्हणून ती ८ पट होते, ३६. भागाकार केला की ६०. उत्तर छान पूर्णांकात आलं, त्यामुळे शंकाही येत नाही, पण ते बरोबर निम्मं आहे! बऱ्याच जणांना वाटतं की दोन्हीकडे व्यास घेतला तर फरक कटून जाईल, तर तसं होत नाही, कारण एकीकडे वर्ग आहे आणि दुसरीकडे घन. आणि फक्त गोळीतच व्यास टाकला तर ५४० ÷ ३६ म्हणजे १५ येतं, खऱ्या उत्तराच्या आठव्या हिश्श्याइतकं. म्हणजे आपलं उत्तर वहीच्या मागच्या उत्तराच्या निम्मं किंवा आठवा भाग निघालं तर बाकी काही न तपासता आधी व्यास-त्रिज्या बघा.

दुसरी चूक म्हणजे पृष्ठफळं समान धरणं. वितळवल्यावर पृष्ठफळ टिकत नाही. आपल्याच उदाहरणात वृत्तचितीचं एकूण पृष्ठफळ २π × ६ × (६ + १५) म्हणजे २५२π चौसेमी, आणि १२० गोळ्यांचं मिळून १०८०π चौसेमी, चार पटीहून जास्त. त्यामुळे गोळ्यांना रंग द्यायचा असेल तर तो हिशोब वेगळा करावा लागेल.

उत्तर पूर्णांकात आलं नाही तर? त्रिज्या ६ ऐवजी ५ असती तर ३७५ ÷ ४.५ = ८३.३३ आलं असतं. इथे पूर्ण गोळ्या ८३च, आणि उरलेल्या धातूची एक तृतीयांश गोळी होते. दशांश कितीही मोठा असला, अगदी ८३.९ आलं तरी ८४ करायचं नाही, तेवढा धातूच नाहीये.

ओतताना १०% धातू वाया जातो असं गणितात दिलं असेल तर घनफळाच्या बाजूला ०.९ ने गुणा, ५४० चे ४८६ होतात आणि गोळ्या १०८. वृत्तचिती पोकळ असेल, म्हणजे पाइपसारखी, तर r² च्या जागी बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग वजा आतल्या त्रिज्येचा वर्ग येतो, बाकी सगळं तसंच.

आणि प्रश्नात वितळवणं नसून तयार गोळ्या डब्यात भरायच्या असतील तर ही रीत लावूच नका, कारण गोळ्यांच्या मधे हवा राहते आणि कितीही नीट रचल्या तरी जागेचा साधारण ७४% भागच भरतो.